शेकडा किती, पण कशाचे?

पोषण माहितीच्या चौकटीचं मराठी करायला बसलं की सुरुवातीला काम फार सोपं वाटतं. एनर्जी म्हणजे ऊर्जा, प्रोटीन म्हणजे प्रथिने, कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाने हे शब्द आपल्याला आयते दिले आहेत. फॅटपाशी थोडं अडायला होतं, कारण पाकिटावरच्या हिंदीत ‘वसा’ लिहिलेलं असतं आणि मराठी माणूस वसा घेतो तो श्रावणात. पण मेद म्हटलं की तीही गाठ सुटते आणि तासाभरात चौकट मराठीत येते. मग ती घरातल्या कुणा मोठ्या माणसाच्या हातात द्यावी आणि विचारावं, यातलं आपण किती खावं? उत्तर येत नाही. ज्याला इंग्रजी चौकट न अडखळता वाचता येते त्यालाही ते सांगता येत नाही. म्हणजे अडचण शब्दांची नसावी.

त्या चौकटीतला प्रत्येक आकडा हा एक भागाकार असतो. अमुक इतके ग्रॅम, पण शंभर ग्रॅममागे की एका वेळच्या खाण्यामागे? अमुक इतके टक्के, पण कशाचे, आणि कुणाच्या दिवसाचे? वरचा अंश ठळक छापतात, छेद तळटीपेत ढकलतात. माझं म्हणणं असं की या चौकटीचं भाषांतर म्हणजे मुख्यतः त्या छेदाचं भाषांतर. तो वाचणाऱ्याच्या ताटाशी आणून ठेवला नाही, तर मराठी चौकटही इंग्रजीइतकीच मुकी राहते.

कायद्याने मराठी चौकट सक्तीची नाही, हेही आधी सांगायला हवं. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो. इतर भाषा हवी तर जोडीला. पुण्यात तळून पुण्यातच विकल्या जाणाऱ्या फरसाणालाही मराठी ऐच्छिकच. त्यामुळे अशी भाषांतरं बहुधा पाकिटाबाहेर होतात: रुग्णालयाच्या आहारपत्रकात, मधुमेहाच्या शिबिरात वाटायच्या कागदावर, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत. तिथे भाषांतरकाराला पाकिटापेक्षा जास्त जागा मिळते आणि मूळ मजकुराला शब्दशः चिकटून राहायची सक्तीही नसते. एवढी मोकळीक असूनही बहुतेक पत्रकं शब्दांपाशीच थांबतात, ही माझी तक्रार आहे.

एक चौकट घेऊन बसू. आकडे माझे आहेत, पण बाजारातल्या तळलेल्या फरसाणापेक्षा फार वेगळे नाहीत. पाकीट २०० ग्रॅमचं. शंभर ग्रॅममागे ऊर्जा ५६० किलोकॅलरी, प्रथिने १३ ग्रॅम, कर्बोदके ४२ ग्रॅम, त्यांपैकी एकूण शर्करा ३ आणि वरून घातलेली १ ग्रॅम, मेद ३८ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त १४ ग्रॅम, आणि सोडियम ८५० मिलिग्रॅम. चौकट खरी आहे की नाही याची एक घरगुती चाचणी करता येते. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला चारने गुणायचं, मेदाच्या ग्रॅमला नऊने, आणि बेरीज करायची. इथे ५२, १६८ आणि ३४२ मिळून ५६२ येतात, म्हणजे छापलेल्या ५६० शी जुळतं. तंतू किंवा साखरेचे पर्याय असलेल्या पदार्थात थोडा फरक पडतो, पण उत्तर शंभरेक कॅलरींनी हुकत असेल तर कुठेतरी छपाईची किंवा हिशोबाची चूक आहे असं समजावं. भाषांतर सुरू करण्यापूर्वी मी ही बेरीज करून घेते. चुकीच्या आकड्याला चांगलं मराठी देण्यात अर्थ नाही.

आता या चौकटीच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: सर्व्हिंग साइझ २० ग्रॅम, पाकिटात सर्व्हिंग १०. शेजारच्या स्तंभात टक्के असतात आणि ते या २० ग्रॅमचे असतात. ऊर्जा ६ टक्के, मेद ११, संपृक्त मेद १३, सोडियम ९. वाचणाऱ्याला वाटतं, बरं आहे की, सगळं दहाच्या आसपास.

या सर्व्हिंगचं मराठी ‘एका वेळचे प्रमाण’ असं करतात तेव्हा मला ते औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. जणू कुणी तज्ज्ञाने सांगितलं आहे की एका वेळी वीस ग्रॅम घ्या. तसं कुणीच सांगितलेलं नसतं. अमेरिकेत हे माप सरकारने ठरवून दिलेलं आहे, आणि तेही माणसाने किती खावं यावरून ठरवलेलं नाही. लोक एका बैठकीत प्रत्यक्षात किती खातात याच्या पाहण्यांवरून ते ठरतं. म्हणून २०१६ च्या तिथल्या नियमांत आइस्क्रीमचं माप अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेलं आणि सोड्याचं ८ औंसांवरून १२ औंसांवर. लोक जास्त खाऊ-पिऊ लागले म्हणून माप वाढलं, खावं म्हणून वाढवलं नाही. आपल्याकडे तर हे माप बहुतांशी उत्पादकच ठरवतो, आणि लहान माप घेतलं की शेजारचे टक्के आपोआप गोंडस दिसतात. म्हणून मी ‘हिशोबासाठी धरलेलं माप’ असं लिहिते आणि पुढे कंसात मूठ, वाटी, चमचा, नग यांपैकी जे लागू पडेल ते देते. वीस ग्रॅम फरसाण म्हणजे एक लहान मूठ. पाहुणे आले की आपण बशीत टाकतो ते चाळीस-पन्नास ग्रॅम सहज असतं, आणि मिसळीवर पडतं ते कुणी मोजत नाही.

पन्नास ग्रॅमचा हिशोब केला की चौकटीचा चेहरा बदलतो. ऊर्जा १४ टक्के, मेद २८, संपृक्त मेद ३२, सोडियम २१. पाकीट तेच, आकडे खोटे कुठेच नाहीत, फक्त छेद आपल्या बशीतला आहे. चांगल्या भाषांतरात मला हा दुसरा स्तंभ हवाच असतो.

टक्क्यांपाशी खरा घोळ आहे. हे टक्के ज्याच्या तुलनेत काढतात त्याला इंग्रजीत जे म्हणतात त्याचं सरळ मराठी ‘शिफारस केलेलं दैनंदिन प्रमाण’ असं होतं, आणि बहुतेक पत्रकांत ते तसंच छापतात. नियमाने हे प्रमाण ठरवून दिलेलं आहे: दिवसाला ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२, ट्रान्स मेद २, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजेच साधारण ५ ग्रॅम मीठ. आता सांगा, दिवसाला पन्नास ग्रॅम साखर खा अशी शिफारस कोणत्या डॉक्टरने केली? दोन ग्रॅम ट्रान्स मेद पोटात जायलाच हवा असं कोण म्हणेल?

पन्नासचा हा आकडा आला कसा ते पाहिलं की उलगडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं मार्गदर्शन असं आहे की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून यावी, आणि पाच टक्क्यांच्या खाली आणता आली तर आणखी चांगलं. दोन हजार किलोकॅलरींचे दहा टक्के म्हणजे दोनशे, आणि ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या की पन्नास ग्रॅम. म्हणजे ही वरची हद्द झाली. त्याच संघटनेची मिठाची ५ ग्रॅमची सांगणीही हद्दच आहे. पण चौकटीत ‘शिफारस’ हा एकच शब्द ऊर्जेलाही लावलेला असतो, जी शरीराला लागतेच, आणि साखरेलाही, जी वरून घातली नाही तरी कुणाचं काही अडत नाही. एका शिबिरात एक काकू सरबताच्या बाटलीवरचा साखरेचा ४० टक्क्यांचा आकडा दाखवून मला म्हणाल्या, “म्हणजे उरलेली साठ टक्के चहातून भरून निघते की!” त्यांचं गणित बिनचूक होतं. शब्दानेच त्यांना ते करायला लावलं होतं.

इथे मूळ मजकुरापासून दूर जायला मी कचरत नाही. ऊर्जेच्या ओळीत ‘दिवसाच्या गरजेपैकी’ आणि साखर, मीठ, संपृक्त मेद, ट्रान्स मेद यांच्या ओळींत ‘दिवसाच्या कमाल मर्यादेपैकी’ असं लिहावं. एकूण मेद मधला आहे. थोडा लागतोच, पण ६७ ग्रॅमांच्या पुढे जाऊ नये, म्हणून त्यालाही मी मर्यादेतच बसवते. शब्दाला शब्द लावणाऱ्यांना हे स्वैर वाटतं. पण ‘शिफारस’ लिहून वाचणाऱ्याला साखरेचा कोटा पुरा करायला लावणं हे जास्त स्वैर आहे. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची माहिती मोठ्या ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अक्षर मोठं झालं तर चष्मा विसरलेल्या माणसाची सोय होईल. टक्के कशाचे, हा प्रश्न मात्र मोठ्या अक्षरातही उरतोच.

आणि कुणाच्या दिवसाचे? तळटीप म्हणते, सरासरी प्रौढाच्या. हा २००० किलोकॅलरींचा प्रौढ कुठे राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाची ऊर्जेची गरज २११० आणि बैठं काम करणाऱ्या स्त्रीची १६६० किलोकॅलरी आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाची १३६०. आता तीच फरसाणाची बशी मुलापुढे ठेवा. पन्नास ग्रॅममध्ये २८० किलोकॅलरी, म्हणजे मोठ्याच्या दिवसाचा सातवा हिस्सा आणि पोराच्या दिवसाचा पाचवा. मिठाचंही तसंच, कारण मुलांसाठी मिठाची मर्यादा त्यांच्या ऊर्जेच्या गरजेप्रमाणे कमी धरायची असते. शाळेच्या डब्यात जाणाऱ्या पुड्यांवर बहुतेकदा प्रौढाचे टक्के छापलेले असतात. म्हणून पालकांसाठीच्या पत्रकात मी एकच ओळ वाढवते: लहान मुलासाठी हे टक्के साधारण दीडपट समजा. दोन हजारला १३६० ने भागलं की १.४७ येतात, दीडपट म्हणजे थोडं वर, पण स्वयंपाकघरात तेवढं चालतं.

साखरेच्या ओळींकडे वळू, कारण तिथे आपली बोलीच आडवी येते. मराठी घरांत ‘शुगर’ हे आता आजाराचं नाव आहे. “त्यांना शुगर आहे”, “शुगर तपासली का”, “शुगर वाढली” असं आपण सर्रास म्हणतो. अशा घरात बिस्किटाच्या पुड्यावर ‘शुगर १.५ ग्रॅम’ वाचलं की अर्थ लागतो तो असा: याने शुगर एवढीशीच वाढेल. दुकानात ‘साखर न घातलेली’ बिस्किटं मधुमेह्यांसाठी म्हणून वेगळी मांडलेली असतात आणि ती याच समजुतीवर खपतात.

अशा बिस्किटाची चौकट साधारण अशी असते: शंभर ग्रॅममागे कर्बोदके ६५ ग्रॅम, त्यांपैकी एकूण शर्करा १.५, वरून घातलेली शून्य. उरलेली त्रेसष्ट-चौसष्ट ग्रॅम कर्बोदके म्हणजे मुख्यतः मैद्याचा किंवा कणकेचा पिष्टमय भाग. तो पचताना ग्लुकोजच होतो. चार बिस्किटांचे २५ ग्रॅम धरले तर १६ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे लहानशा पोळीइतकी. पोळी मोजून खाणारा माणूस दुपारच्या चहाबरोबर ही चार बिस्किटं मोजतच नाही, कारण पुडा ‘शून्य’ म्हणतो. पुडा खोटं बोलत नाही. साखरेची ओळ कर्बोदकांच्या ओळीच्या पोटात आहे आणि ‘त्यांपैकी’ या एका शब्दाने ती तिथे बांधलेली आहे. भाषांतरात जागा वाचवायला म्हणून हा ‘त्यांपैकी’ गाळतात आणि साखरेची ओळ वेगळी, स्वतंत्र होऊन बसते. मधुमेह्यांच्या पत्रकात मी कर्बोदकांचीच ओळ ठळक करते आणि साखरेची तिच्याखाली थोडी आत सरकवून, लहान अक्षरात ठेवते.

एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा असे दोन आकडे का, हेही सांगावं लागतं. दुधात लॅक्टोज असतं, फळात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतात. ते एकूण आकड्यात धरतात, दुसऱ्यात नाही. साध्या दह्याच्या डब्यावर एकूण शर्करा ४-५ ग्रॅम आणि वरची शून्य दिसली तर ते दुधातलंच आहे. त्याच दह्याच्या फळवाल्या भावंडावर एकूण १४ आणि वरून घातलेली ९ दिसली तर त्या नऊ ग्रॅमांसाठी आपण जास्त पैसे मोजतो आहोत. बहुतेक चौकटींत एकूण शर्करेपुढे टक्के नसतात, रिकामी रेघ असते. लोक ती शून्य म्हणून वाचतात. तिचा अर्थ एवढाच की एकूण शर्करेसाठी मर्यादेचा आकडा ठरवलेला नाही, ठरवलेला आहे तो वरून घातलेल्या साखरेसाठी.

आणि मग गूळ. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिक्की आणि लाडू आता सगळीकडे मिळतात. गुळात थोडे खनिज क्षार असतात, चवीला तो छानच असतो, पण त्याचा मोठा हिस्सा सुक्रोज, म्हणजे तीच उसाची साखर. चिक्कीत घातलेला गूळ चौकटीत वरून घातलेल्या साखरेत धरायला हवा. म्हणून मराठीत ‘वरून घातलेली साखर’ एवढंच लिहून भागत नाही, त्याखाली ‘गूळ, मध, काकवी, ग्लुकोज सिरप यांसह’ असं लिहावं लागतं. एरवी घरचं माणूस म्हणणार, साखर कुठे आहे, गूळ आहे. घटकांची यादीही इथे कामाला येते, कारण त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिल्या तिघांत गूळ, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप असेल तर चौकट वाचायच्या आधीच अंदाज येतो. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र साखरेच्या ओळीत सहसा येत नाही आणि तरी रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने वाढवतं. ते कर्बोदकांतच सापडतं, म्हणून पुन्हा तीच ओळ.

साखरेचे ग्रॅम चमच्यांत सांगायची आता पद्धत पडली आहे आणि ती चांगली आहे, पण चमचा कोणता ते सांगावं. चहाचा सपाट भरलेला चमचा चार ते पाच ग्रॅमचा. आपण साखर सपाट चमच्याने घालत नाही, शिगोशीग घालतो. दोनशे मिलिलिटरच्या गोड पेयात शंभरामागे दहा ग्रॅम साखर असेल तर एकूण वीस ग्रॅम, म्हणजे सपाट चार-पाच चमचे आणि दिवसाच्या मर्यादेतले ४० टक्के. काकूंची बाटली हीच.

मिठाचं प्रकरण साखरेच्या उलट आहे. साखरेत लोक चौकटीला कमी घाबरतात, मिठात चौकट त्यांना कळतच नाही, कारण तिथे मीठ लिहिलेलंच नसतं. सोडियम लिहिलेलं असतं, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. सरळ उपाय म्हणजे अडीचने गुणायचं. मिठात वजनाने चाळीस टक्क्यांच्या आसपास सोडियम असतं, म्हणून ४२५ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅमहून किंचित जास्त मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात डाळ, भाजी, कणीक, लोणचं सगळं आलं. फरसाणाच्या एका बशीत त्यातला पाचवा हिस्सा जातो. युरोपात तर चौकटीत सोडियम न लिहिता थेट मीठ ग्रॅममध्येच लिहितात, याच अडीचच्या गुणाकाराने.

मग मराठीत सोडियमच्या जागी सरळ ‘मीठ’ का लिहू नये? बऱ्याच पत्रकांत तसं करतात. मला ते पटत नाही, आणि कारण आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पापडात मीठ असतं तसा पापडखारही असतो, आणि तोही मुख्यतः सोडियमचाच क्षार. ढोकळ्यात, नानकटाईत, बिस्किटात खायचा सोडा असतो. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम, मिठातल्या ३९० च्या मानाने फार कमी नाही. नानकटाई खारट लागत नाही, त्यामुळे तिच्यात ‘मीठ’ असल्याचं कुणाच्या मनातही येत नाही. सोडियमचा आकडा हे सगळं पकडतो. नुसतं मीठ लिहिलं तर रक्तदाबाचा रुग्ण पापडाच्या पाकिटावरच्या घटकांत मीठ शोधतो, ते थोडं दिसतं आणि त्याचं समाधान होतं. म्हणून मी ‘सोडियम (मिठाच्या हिशोबात इतके ग्रॅम)’ असं दुहेरी लिहिते. सैंधव किंवा काळं मीठ वापरल्याने यात फरक पडत नाही, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. चौकटीत ही सूचना मावत नाही, पत्रकात मावते.

इतका वेळ मी शंभर ग्रॅमच्या स्तंभापेक्षा आपल्या बशीच्या स्तंभाची बाजू घेतली. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत कोकमाचं आगळ असतं. ते मीठ घालूनच टिकवतात, त्यामुळे शंभर मिलिलिटरमागचा सोडियमचा आकडा पाहिला तर बाटली फेकून द्यावीशी वाटेल. सोलकढीत पडतात त्याचे दोन-तीन चमचे, तेही चार-पाच जणांत. लोणच्याचंही तेच, शंभर ग्रॅम लोणचं कोण खातो? तिथे पाकिटावरचं दहा ग्रॅमचं माप प्रामाणिक असतं आणि शंभराचा स्तंभ उगाच घाबरवतो. शंभराचा उपयोग दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना करण्यापुरता, ‘हे लोणचं की ते’ हे ठरवण्यापुरता. ‘आज किती’ हे ठरवायचं तर माप आपलं. भाषांतरात या दोन स्तंभांना नुसती ‘प्रति १०० ग्रॅम’ आणि ‘प्रति सर्व्हिंग’ अशी नावं देण्यापेक्षा ‘तुलनेसाठी’ आणि ‘खाण्यासाठी’ असं लिहिलं तर अर्धं काम होतं.

परदेशातून आलेल्या पाकिटांबाबत एक सावधगिरी. अमेरिकेत सोडियमची दिवसाची मर्यादा २३०० मिलिग्रॅम धरतात, आपल्याकडे २०००. त्यामुळे ४६० मिलिग्रॅम तिथे २० टक्के होतात आणि इथे २३. युरोपात साखरेचे टक्के एकूण साखरेच्या ९० ग्रॅमवर काढतात, वरून घातलेल्या ५० वर नाही, आणि त्यामुळे तिथल्या डब्यावरचा कमी टक्का पाहून हरखून जायचं कारण नाही. न्यू जर्सीहून मुलगी ओट्सचं पाकीट पाठवते आणि फोनवर टक्के वाचून दाखवते तेव्हा तिला टक्के नकोत, ग्रॅम सांग म्हणावं. ग्रॅमला देशाची हद्द नसते.

राहिला जागेचा आक्षेप. एवढं सगळं लिहायचं कुठे? पाकिटावर नाहीच मावणार, तिथे सक्तीचा मजकूरच कसाबसा बसतो. पण पत्रकासाठी वरच्या फरसाणाची चौकट मी अशी करीन: ‘मोठ्या माणसाने एक बशी (५० ग्रॅम) खाल्ली तर: ऊर्जा २८० किलोकॅलरी, दिवसाच्या गरजेपैकी १४ टक्के. संपृक्त मेद ७ ग्रॅम, दिवसाच्या कमाल मर्यादेपैकी ३२ टक्के. सोडियम ४२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम मीठ, कमाल मर्यादेपैकी २१ टक्के. कर्बोदके २१ ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली साखर (गूळ, मध धरून) अर्धा ग्रॅम. पाकिटावरचे टक्के २० ग्रॅमचे आहेत.’ पाच वाक्यं झाली. यातून आणखी कमी करायला सांगितलं तर मी कर्बोदकांचं वाक्य काढीन, कारण फरसाणात साखरेचा प्रश्न नाही. तेच पत्रक बिस्किटाचं असेल तर ते ठेवीन आणि संपृक्त मेदावर कात्री चालवीन. शेवटचं वाक्य मात्र कोणत्याच पत्रकातून काढू देणार नाही.